दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस : टप्पे, कर्जाचे हप्ते, खेळते भांडवल आणि लागवडीची वेळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे आकडे कोणत्या शेताचे आहेत?

पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यातले, 600 ते 700 मिलिमीटर पावसाचे, विहीर किंवा शेततळे असलेले शेत डोळ्यांसमोर ठेवले आहे. पहिल्या टप्प्यात 28 मीटर बाय 36 मीटरचे, म्हणजे 1008 चौरस मीटरचे पॉलिहाऊस. आपण त्याला दहा गुंठे म्हणतो. हवा वरच्या आणि बाजूच्या झडपांतून खेळते, पंखे किंवा पॅड नाहीत. पीक रंगीत ढोबळी मिरची, लाल आणि पिवळी.

रुपयांचे आकडे हिशोबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमच्या कोटेशनचे आणि तुमच्या विक्रीच्या पट्ट्यांचे आकडे त्या जागी घाला. तारखा आणि क्रम मात्र मनाने बदलू नका. या धंद्यात माणूस अडकतो तो बहुतेक वेळा तारखा चुकल्यामुळे.

पहिल्याच वर्षी वीस गुंठे का उभारू नयेत? ठेकेदार म्हणतो, एकदम केले तर स्वस्त पडते.

स्वस्त पडते हे खरे आहे. पण ढोबळीचे पहिले पीक शिकण्यात जाते. दोन फांद्या ठेवायच्या की चार, विद्राव्य खताची मात्रा फुलोऱ्यात कशी बदलायची, तुमच्या मालाला कोणता व्यापारी किती काट धरतो, हे एक हंगाम काढल्याशिवाय कळत नाही. ते शिक्षण दहा गुंठ्यांवर जेवढ्याला पडते, त्याच्या दुप्पट पैसे वीस गुंठ्यांवर जातात. हप्ताही दुप्पट असतो.

टप्पे पाडताना एक गोष्ट सांभाळा. ढाचा दहा गुंठ्यांचाच उभा करा, पण मुख्य पाइपलाइन, वीजजोडणी, फिल्टर, पाण्याची टाकी आणि माल भरायची शेड वीस गुंठ्यांच्या मापाने करा. त्यामुळे पहिल्या वर्षी 40-50 हजार जास्त जातात. दुसऱ्या टप्प्यात मात्र सगळे उकरून पुन्हा टाकावे लागत नाही. दुसऱ्या ढाच्याची जागाही आताच आखून ठेवा. दोन्हींच्या पन्हळी उत्तर-दक्षिण राहतील, म्हणजे पन्हळीची सावली दिवसभर एकाच ओळीवर बसणार नाही. मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉली फिरेल एवढे अंतर सोडा.

पहिल्या टप्प्याला एकूण किती पैसे लागतात?

उदाहरणातली मांडणी अशी आहे. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा ढाचा, 200 मायक्रॉनचे प्लास्टिक, बाजूची कीटकरोधक जाळी आणि आतले शेडनेट धरून चौरस मीटरला 1050 रुपयांप्रमाणे साधारण 10 लाख 60 हजार. लाल माती, शेणखत, भाताचे तूस आणि गादीवाफे 1 लाख 80 हजार. ठिबक, फिल्टर, व्हेंचुरी आणि फॉगर 90 हजार. पंप, वीज, टाकी, शेड आणि कुंपण 1 लाख 70 हजार. बेरीज 15 लाख.

कोटेशनमध्ये माती नसते आणि लोक नेमके तिथेच फसतात. भारी काळ्या जमिनीत ढोबळीची मुळे पावसाळ्यात गुदमरतात, म्हणून वरून माती आणावी लागते. संपूर्ण क्षेत्रावर 30 सेंटिमीटर थर धरला तर 1008 गुणिले 0.3 म्हणजे सुमारे 302 घनमीटर होतात. एक ब्रास 2.83 घनमीटरचा, म्हणजे जवळपास 107 ब्रास. वाहतूक धरून हा आकडा मोठा होतो, शिवाय गौण खनिजाचा परवाना तहसील कार्यालयातून काढावा लागतो. माती उचलण्याआधी तिचा सामू, क्षारता आणि चुनखडी तपासून घ्या. सामू 6 ते 7 आणि क्षारता 1 च्या आत असावी. चुनखडीयुक्त माती एकदा आत पसरली की ती बाहेर काढणे होत नाही. मग फेरसची कमतरता दर हंगामात पानांवर पिवळी दिसत राहते आणि खताचा खर्च कायमचा वाढतो.

अनुदान मिळणारच आहे, तर ते स्वतःच्या वाट्यात धरावे का?

धरू नका. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातले 50 टक्के अनुदान शासनाने ठरवून दिलेल्या मापदंडावर मिळते, तुमच्या प्रत्यक्ष खर्चावर मिळत नाही. सपाटीकरण, लाल माती, शेड, कुंपण हे त्या मापदंडात बसेलच असे नाही. मापदंड आणि क्षेत्राची मर्यादा बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा आकडा तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून घ्या.

क्रम असा असतो : महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग बांधकाम, मग मोका तपासणी आणि शेवटी रक्कम. पूर्वसंमतीच्या आधी खड्डे खणले तर अनुदान हातचे जाते. पूर्वसंमती मिळाली तरी रक्कम कोणत्या महिन्यात येईल याची हमी नसते. म्हणून रोखीच्या तक्त्यात अनुदानाच्या ओळीत शून्य लिहा आणि तरीही पहिले पीक पार पडते का ते पाहा. रक्कम आली की ती कर्जातून वजा करा. तळेगाव दाभाडे येथे पॉलिहाऊसचे प्रशिक्षण मिळते. ते अर्जाच्या आधीच उरका, म्हणजे पूर्वसंमतीनंतर त्यासाठी वेळ जात नाही.

लागवड कोणत्या महिन्यात करावी आणि त्याआधी काय कधी?

या उदाहरणात लागवड 15 जूनची धरली आहे. बाकीच्या तारखा तिथून मागे मोजत येतात.

रोप 35 ते 40 दिवसांचे लागते आणि रोपवाटिकेत नोंदणीही थोडी आधी करावी लागते, म्हणून रोपांची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम 1 मेच्या आसपास. गादीवाफे ओले करून पारदर्शक प्लास्टिकने झाकून उन्हात तापवायचे, त्याला चार ते सहा आठवडे हवेत. हे ऊन एप्रिल-मे सोडून मिळत नाही, म्हणून माती, शेणखत आणि वाफे 15 एप्रिलपर्यंत तयार झालेच पाहिजेत. त्याआधी ढाचा. तो उभा राहायला 45 ते 60 दिवस लागतात, म्हणजे काम 1 फेब्रुवारीला सुरू व्हायला हवे. त्यामुळे कर्जमंजुरी आणि पूर्वसंमती जानेवारीअखेर हातात हवी, आणि अर्जाची धावपळ आदल्या पावसाळ्यातच सुरू करावी लागते.

आता पुढे मोजा. 15 जूनला लावलेल्या रोपावर हिरवे फळ 75-80 दिवसांत पोसते, पण रंग चढायला आणखी दोन-तीन आठवडे जातात. पहिला रंगीत तोडा सप्टेंबरच्या मध्याला येतो. व्यापाऱ्याकडून पैसे यायला एक-दोन आठवडे धरा. पहिला रुपया सप्टेंबरअखेर येतो आणि भराचे तोडे ऑक्टोबर ते मार्च चालतात. 15 एप्रिलच्या सुमारास पीक काढायचे, कारण वाफे पुन्हा तापवायचे असतात.

ढाचा मार्चऐवजी मेअखेर पूर्ण झाला की लोक तापवणीच सोडून देतात. तेव्हा ते चालून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या पिकात मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी दिसतात तेव्हा कळते. दोन महिने उशीर झालाच असेल तर जूनची लागवड सोडून ऑगस्टअखेरची धरा, आणि मधल्या काळात निदान ढाच्यातल्या वाफ्यांची माती जैविक पद्धतीने तयार करा. कच्च्या वाफ्यात घाईने रोप लावू नका.

हप्ते सुरू होण्याआधी बँक सहा महिन्यांची सवलत देते आहे. ती पुरेशी आहे का?

नाही. कर्ज 1 फेब्रुवारीला उचलले आणि सहा महिन्यांची सवलत संपली की ऑगस्ट येतो. त्या वेळी झाडावर नुसती फुले असतात. पहिला हप्ता मग खेळत्या भांडवलातून जातो, त्यामुळे सप्टेंबरमध्ये खत-औषधाला पैसे उरत नाहीत आणि पीक नेमके भरात येताना उपाशी राहते.

अर्ज देतानाच पिकाचे वेळापत्रक लेखी जोडा आणि दोन गोष्टी मागा. पहिला हप्ता पुढच्या वर्षी 30 एप्रिलला, म्हणजे पूर्ण पिकाचे पैसे हातात आल्यावर. आणि त्यानंतर सहामाही हप्ते 31 ऑक्टोबर व 30 एप्रिलला. मासिक हप्ता नको. मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत ढोबळीचे उत्पन्न जवळजवळ शून्य असते. शेतीकर्जाची परतफेड पिकाच्या उत्पन्नाशी जुळवून घेणे हे बँकेच्या रीतीत बसते, पण वेळापत्रक तुम्ही ठेवले नाही तर शाखेत जे नेहमीचे आहे तेच टाइप होते. मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी हप्त्यांच्या तारखांचा तक्ता मागून घ्या आणि वाचा.

हप्ता किती बसेल?

15 लाखांपैकी 5 लाख स्वतःचे आणि 10 लाख कर्ज, व्याज 11 टक्के धरू. 1 फेब्रुवारी ते 31 ऑक्टोबर या नऊ महिन्यांचे व्याज 82,500 रुपये. ते मुद्दलात मिळवले की 10,82,500. त्यावर 12 समान सहामाही हप्ते केले तर एक हप्ता सुमारे 1,25,600 रुपये, वर्षाला 2,51,200. शेवटचा हप्ता उचलीपासून पावणेसात वर्षांनी. कर्ज टप्प्याटप्प्याने उचलले तर नऊ महिन्यांचे व्याज थोडे कमी होते, म्हणून ठेकेदाराला एकरकमी देण्याऐवजी पाया, सांगाडा, प्लास्टिक अशा कामावर पैसे सोडा.

पहिल्या हप्त्याआधी समजा 4,50,000 अनुदान कर्जखात्यात जमा झाले, तर शिल्लक 6,32,500 राहते आणि हप्ता सुमारे 73,400 वर येतो, वर्षाला 1,46,800. यासाठी बँकेला लेखी कळवावे लागते की रक्कम मुद्दलात वळती करून हप्ता कमी करा. नाहीतर काही शाखा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत हप्ता कमी असणे मुदत कमी असण्यापेक्षा मोलाचे आहे.

खेळते भांडवल नेमके किती बाजूला ठेवायचे?

इथे अंदाजाने आकडा टाकू नका. पहिला पैसा येईपर्यंत जाणारा प्रत्येक रुपया महिन्यापुढे लिहा.

दहा गुंठ्यांत जोडओळीत, नागमोडी पद्धतीने 2600 च्या आसपास रोपे बसतात. 12 रुपयांप्रमाणे 31,200. मूळ खते आणि मल्चिंग 40 हजार. तारा, सुतळी आणि बांधणी 20 हजार. हे एकदाचे झाले 91,200. मग दरमहा एक कायम मजूर, लागतील तेव्हा बायका, विद्राव्य खते, औषधे आणि वीज धरून 30 हजार. घरच्या एका माणसाचे पूर्णवेळ काम यात धरलेले आहे आणि त्याची मजुरी धरलेली नाही. ते माणूस नसेल तर 12 हजार आणखी लिहा.

जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे 1,20,000 आणि आधीचे 91,200, मिळून 2,11,200. सप्टेंबरच्या पहिल्या मालाचे बॉक्स आणि भाडे 15-20 हजार. हा सगळ्यात खोल खड्डा. त्यावर दोन महिन्यांचा खर्च, 60 हजार, राखीव ठेवा. कारण एखादा आठवडा ढगाळ गेला तर फुले गळतात आणि माल तेवढा पुढे सरकतो. जवळपास 3 लाख झाले.

हे 3 लाख 15 लाखांच्या बाहेरचे आहेत. बांधकाम वाढले म्हणून त्यातले लाखभर ढाच्याकडे वळवणे, ही या नियोजनातली सगळ्यात महागडी चूक आहे. गेट, रंग, पायवाट नंतर होतात. ऑगस्टमधली फुलकिड्यांची फवारणी नंतर होत नाही.

खेळत्या भांडवलासाठी वेगळे कर्ज मिळते का?

किसान क्रेडिट कार्डावर पीककर्ज घ्या, मुदत कर्जात ते मिसळू नका. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के दर लागतो आणि वेळेत फेडले की केंद्राची 3 टक्के सवलत मिळते. 11 टक्क्यांच्या पैशाने खत आणण्यात अर्थ नाही. मर्यादा जिल्हा तांत्रिक समितीने ठरवलेल्या पीककर्ज दरावर बसते, म्हणून पॉलिहाऊसमधल्या ढोबळीचा दर शाखेत आधी विचारा. बऱ्याचदा उघड्या शेतातल्या मिरचीचा दर लावला जातो आणि मर्यादा अर्ध्याहून कमी बसते. 1 जानेवारी 2025 पासून विनातारण मर्यादा 2 लाख आहे. त्यावरच्या रकमेला तारण लागते आणि जमीन आधीच मुदत कर्जाला गहाण असते, म्हणून दोन्ही कर्जे एकाच शाखेतून, एकाच बोजात करून घेणे सोयीचे.

पैशांची ओढ असेल तर पहिल्या फांदीजवळची फळे तोडून विकली तर काय होते?

रोप लावल्यावर खोडाला पहिली दुबेळकी फुटते आणि तिथेच पहिले फूल येते. ते चिमटीने काढून टाकायचे असते. ऑगस्टमध्ये हात रिकामे असले की वाटते, 2600 झाडांवर एकेक फळ म्हणजे तीन-चारशे किलो माल, आठ दिवस आधी पैसे. पण त्या वेळी झाड गुडघ्याएवढे असते. जे अन्न मुळांना आणि शेंड्यांना जायचे ते सगळे त्या एका फळात ओढले जाते. शेंडा थांबतो, पेरे आखूड पडतात, वरची पुढची फुले पिवळी होऊन देठापासून गळतात. असे थांबलेले झाड पुन्हा चालू व्हायला तीन-चार आठवडे घेते.

ओळखायचे कसे? शेंड्याकडून तिसरे पान बघा. ते लहान, जाड आणि गडद झाले असेल आणि फूल शेंड्याच्या अगदी जवळ, जणू टोकावरच उमलत असेल, तर झाडावर भार जास्त झाला आहे. फळे कमी करा. अशी चूक टाळायला वरचे 60 हजार राखीव ठेवलेले असतात.

परवडतो की नाही हे कोणत्या भावावर ठरवायचे?

गाळ्यावरच्या भावावर नाही. बॉक्स, भाडे, हमाली, काट आणि फेकलेला माल वजा जाऊन खात्यात पडलेल्या रकमेला पाठवलेल्या किलोंनी भागा. तो तुमचा भाव.

पूर्ण हंगामाचा खर्च साडेदहा महिने गुणिले 30 हजार म्हणजे 3,15,000, अधिक 91,200, मिळून 4,06,200. अनुदान वजा झाल्यानंतरचे वर्षाचे हप्ते 1,46,800. चौथ्या वर्षी प्लास्टिक बदलायचे, त्यासाठी दरवर्षी 30 हजार. एकूण 5,83,000. झाडाला साडेतीन किलोप्रमाणे विक्रीयोग्य माल 9,000 किलो धरला तर खात्यात पडणारा भाव किलोला सुमारे 65 रुपये हवा. अनुदान आलेच नाही तर बेरीज 6,87,400 होते आणि भाव सुमारे 76. माल 7,000 किलोवर आला तर अनुदान मिळूनही 83 रुपये लागतात.

आता ज्या बाजार समितीत माल पाठवणार तिथले मागच्या तीन वर्षांचे सप्टेंबर ते एप्रिलचे आठवडी भाव काढा, त्यातून किलोमागे 12 ते 15 रुपये विक्रीखर्च वजा करा आणि सरासरी पाहा. ती 65 च्या खाली बसत असेल तर या मांडणीत दहा गुंठे परवडत नाहीत, हे कागदावरच मान्य करा. मग कर्ज 10 लाखांऐवजी 6-7 लाखांवर आणा किंवा एखादे वर्ष थांबून स्वतःचा वाटा वाढवा. उत्पादन 15 टन धरून तक्ता हिरवा करता येतो आणि अनेक प्रकल्प अहवालांत तेच केलेले असते. पहिल्या वर्षाला ते धरू नका.

ढोबळीऐवजी आधी काकडी घेतली तर पैसे लवकर येतील ना?

येतात. बिनबियांच्या काकडीचा पहिला तोडा 35 ते 40 दिवसांत सुरू होतो आणि तीन-साडेतीन महिन्यांत पीक संपते. 15 जूनला लावली तर जुलैअखेर पैसे सुरू, म्हणजे खेळत्या भांडवलाचा खड्डा निम्म्यावर येतो. ढाचा उशिरा झाला असेल, हातात 3 लाख नसतील, तर पहिले पीक काकडी आणि ऑक्टोबरमध्ये ढोबळी असा क्रम बरा.

अडचण दोन ठिकाणी आहे. काकडीचा भाव कमी आणि माल दोन दिवसही थांबत नाही, रोज किंवा एक दिवसाआड तोडावा लागतो, म्हणून गाडी रोज हवी. दुसरे म्हणजे काकडीच्या मुळांवर सूत्रकृमी झपाट्याने वाढतात आणि तीच जमीन लगेच ढोबळीला मिळते. काकडी उपटताना पंधरा-वीस झाडांची मुळे धुऊन बघा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर त्या ओळीत निंबोळी पेंड आणि जैविक सूत्रकृमीनाशक दिल्याशिवाय ढोबळी लावू नका.

पाणी किती लागेल?

ढोबळीला ऋतूप्रमाणे चौरस मीटरला 2 ते 4 लिटर, म्हणजे दहा गुंठ्यांना दिवसाला 2 ते 4 हजार लिटर. अवघड आहे ती पाण्याची प्रत. उन्हाळ्यात विहिरीची क्षारता वाढते आणि तेच पाणी ठिबकमधून वाफ्यात साचत जाते.

छपरावरचा पाऊस यासाठी वापरा. 1008 चौरस मीटरवर 600 मिलिमीटर पाऊस म्हणजे सहा लाख लिटर. गळती आणि छप्पर धुणारा पहिला पाऊस सोडून पाच लाख लिटर पन्हळीतून अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात उतरतात. बाष्पीभवन धरूनही विहिरीच्या पाण्यात निम्मे मिसळून उन्हाळा निघतो. पन्हळीचा उतार आणि पाइपचा व्यास ठेकेदाराकडून लिहून घ्या. पाइप अरुंद असला की जोराच्या सरीत पन्हळ भरून पाणी आत, कडेच्या ओळीवर पडते आणि मर तिथून सुरू होते.

वळवाने प्लास्टिक फाटले तर?

म्हणून विमा पीककर्जाच्या विम्याहून वेगळा, ढाच्याचा आणि प्लास्टिकचा घ्यावा लागतो. पॉलिसीत वादळ, गारपीट आणि प्लास्टिक हे तिन्ही शब्द आहेत का ते पाहा. काही पॉलिसींत फक्त सांगाडा असतो. हप्ता एप्रिलच्या आधी भरा.

आभाळ दाटले की बाजूचे पडदे खाली सोडून बांधा. वारा आत शिरला की छप्पर आतून फुगते आणि क्लिपांपासून सुटते. दर महिन्याला एकदा पन्हळीलगतच्या क्लिपा आणि झिगझॅग स्प्रिंग हाताने दाबून बघा. पहिला फाटा नेहमी तिथूनच जातो.

पीक हाताबाहेर चालले आहे हे पैशांच्या तक्त्याआधी कसे कळेल?

आठवड्यातून दोनदा फूल पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर, बारीक, रेघेसारखे किडे पळताना दिसले तर फुलकिडे. पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळून उलट्या होडीसारखी झाली तर कोळी. दोघांची औषधे वेगळी आहेत, आणि चुकीचे औषध मारण्यात गेलेला आठवडा म्हणजे पुढचा एक तोडा. ऑक्टोबरच्या उन्हात आणि फेब्रुवारीनंतर कोळी वाढतो, म्हणून त्या महिन्यांत औषधाचा खर्च पाच हजारांऐवजी आठ हजार लिहा.

दुसरा टप्पा केव्हा?

पहिल्या पिकाचा हिशोब एप्रिलमध्ये बंद करा आणि तीन गोष्टी तपासा. 30 एप्रिलचा हप्ता पिकाच्या पैशातून गेला का, की घरचा ऊस किंवा दूध विकून भरला? खात्यात पडलेला सरासरी भाव तुमच्या स्वतःच्या परवडणाऱ्या भावाच्या वर आहे का? पुढच्या हंगामाचे 3 लाख, पीककर्ज फेडून, पुन्हा उपलब्ध आहेत का? तिन्हींना होकार येत असेल तर आणखी एक हंगाम तसाच काढा आणि मग दुसरे दहा गुंठे घ्या. एका चांगल्या वर्षात भावाचा वाटा बराच असतो.

दुसऱ्या ढाच्याला माती, ठिबक धरून 13 लाख लागतात, कारण पाणी आणि वीज आधीच आहे. दरमहा खर्च 30 वरून 60 हजार न होता 50 च्या आसपास राहतो. मजूर, पंप, गाडीभाडे दोन्हीकडे वाटले जाते. साडेदहा महिन्यांत 1,05,000 वाचतात, म्हणजे दोन्ही ढाच्यांच्या 18,000 किलोंवर किलोला सहा रुपये. लहान पॉलिहाऊसला खरा आधार इथून मिळतो.

त्याची लागवड जूनमध्ये करू नका, ऑगस्टअखेर करा. रंगीत माल नोव्हेंबरअखेरपासून मेपर्यंत येईल. दोन्ही मिळून सप्टेंबर ते मे पैसे येत राहतात आणि एका महिन्याचा पडलेला भाव सगळ्या मालाला लागत नाही. बदल्यात मेमध्ये पाणी जास्त लागते आणि वाफे तापवायला उन्हाचे दिवस कमी मिळतात, म्हणून या ढाच्यात दर तिसऱ्या वर्षी पीक मार्चअखेर काढून वाफे पूर्ण तापवा.

हप्ता भरता येणार नाही असे फेब्रुवारीतच दिसले तर?

फेब्रुवारीतच बँकेत जा, मे उजाडू देऊ नका. तोड्यांची वही, सगळ्या पट्ट्या, रोगाचे फोटो आणि उरलेल्या दोन महिन्यांच्या मालाचा अंदाज सोबत न्या. नुकसान वादळाचे किंवा गारपिटीचे असेल तर तलाठी आणि कृषी सहायकांचा पंचनामा त्याच आठवड्यात करून घ्या. पुनर्गठनाचा आणि विम्याचा, दोन्ही अर्ज त्या कागदावर चालतात. खाते थकण्याआधी तारीख पुढे ढकलून मागणे सोपे असते. थकल्यावर पीककर्जाची व्याजसवलतही जाते आणि पुढच्या जूनचे रोप उधारीवर आणावे लागते.

मार्च-एप्रिलमध्ये भाव पडला म्हणून औषध-खत बंद करून झाडे तशीच उभी ठेवू नका. ती कोळी आणि भुरी पोसतात आणि दुसरा ढाचा असेल तर तिकडे पाठवतात. तोडा परवडत नसेल तर पीक पंधरा दिवस आधी काढा, मुळांसकट बाहेर नेऊन नष्ट करा आणि ते पंधरा दिवस वाफे तापवण्याला द्या.